घशाच्या कॅन्सरची भीती बसली आहे? कशावरून ओळखायचं आणि कधी दाखवायचं

मोबाईलवर घशाच्या कॅन्सरची लक्षणं शोधली की साधारण एकच यादी समोर येते. घसा दुखणं, आवाज बसणं, गिळायला त्रास, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, खोकला, कान दुखणं, मानेत गाठ. यादी खरी आहे, फक्त ती उलट्या टोकाकडून लिहिलेली असते. ज्यांना कॅन्सर झाला त्यांना काय काय होतं, हे ती सांगते. आपल्याला हवं असतं दुसरंच उत्तर: मला जे होतंय ते ज्यांना ज्यांना होतं, त्यांच्यातल्या किती जणांना शेवटी कॅन्सर निघतो? घसा दुखणं आणि गळ्यात गोळा वाटणं ही सर्दी, पित्त, धूळ, जास्त बोलणं आणि काळजी यांचीही लक्षणं आहेत, आणि ही कारणं कॅन्सरपेक्षा कितीतरी पटीनं जास्त घरांत सापडतात.

ओपीडीत रोज दिसणारी एक गोष्ट मला फार खुपते. भीतीनं ज्याची झोप उडालेली असते, त्याला बहुतेक वेळा काही निघत नाही. ज्याच्या घशात खरोखर काही असतं, तो मात्र निवांत असतो, कारण सुरुवातीला त्याला दुखतच नाही. म्हणून भीती किती वाटते यावरून धोका मोजता येत नाही. तो मोजायचा कसा, हे एकाच घरातल्या दोन माणसांच्या उदाहरणातून बघू. नमुना म्हणून रचलेली ही माणसं आहेत, पण अशी घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत.

आधी बोट, आरसा आणि गिळणं थांबवा

भीती बसली की माणूस तीन गोष्टी करायला लागतो, आणि त्या तिन्हींमुळे घसा जास्तच बिघडतो.

पहिली म्हणजे परत परत थुंकी गिळून बघणं. हे आत्ता करून बघा: तोंडात काही न घेता लागोपाठ पाच वेळा गिळा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला थुंकी संपते, घसा जड होतो आणि गिळणं अडल्यासारखं वाटतं. धडधाकट माणसालाही असंच होतं. गोळा आहे की गेला हे बघायला जो दिवसभर गिळत राहतो, त्याला गोळा दिवसभर सापडत राहतो. सारखं खाकरून घसा साफ करण्याचंही तसंच. प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथं चुरचुर होते आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट मोबाईलचा टॉर्च लावून आरशात घसा बघणं. जिभेच्या अगदी मागच्या भागात मोठे गोल उंचवटे असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ओळीत, साधारण आठ ते बारा. ते जन्मापासून प्रत्येकाच्या जिभेवर असतात, पण आयुष्यात पहिल्यांदा दिसले की गाठीच वाटतात. घशाच्या मागच्या भिंतीवर लालसर दाणे दिसतात, ते सर्दी-ॲलर्जीवाल्यांमध्ये सर्रास असतात. टॉन्सिलच्या खाचेत पिवळट-पांढरा, वास येणारा खडा अडकलेला असतो, तोही कॅन्सर नव्हे.

तिसरी गोष्ट मान चाचपणं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी हाताला लागतात, गळ्याच्या वरच्या भागात एक आडवं हाड लागतं. दोन्हीकडे सारखंच लागत असेल तर ती शरीराची घडण आहे. दिवसातून वीस वेळा दाबलं तर तिथं दुखायला लागतं, आणि मग दुखतंय म्हणून भीती वाढते.

तेव्हा ठरवून टाका की आठवड्यातून एकच दिवस तपासायचं. समजा रविवारी सकाळी, एकदाच, आणि काय आढळलं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. बाकीचे सहा दिवस आरसा नाही, बोट नाही, मोबाईलवर शोधणं नाही. वहीचा फायदा असा की त्रास वाढतोय, तसाच आहे की कमी होतोय हे महिन्याभरात कागदावर दिसतं. रात्री दोन वाजता मनात जे येतं त्यापेक्षा ते जास्त भरवशाचं असतं.

चार प्रश्न, या क्रमानं

*भाकर कशी उतरते?* सगळ्यात जास्त उपयोगाचा प्रश्न हा. नुसतं गळ्यात काहीतरी आहे असं वाटत असेल, पण जेवताना ते जाणवत नसेल, भाकर-ठेचा नेहमीसारखा जात असेल आणि थुंकी गिळतानाच गोळा लागत असेल, तर हे बहुतेक वेळा साध्या कारणाचं लक्षण असतं. खरा अडथळा उलटा वागतो. त्यात आधी कोरडी भाकर अडते, मग घोट घोट पाण्यासोबत ढकलावी लागते, मग वरणात कुस्करून, मग नुसती खिचडी, आणि शेवटी पेजेवर येतं. हा बदल इतक्या हळू होतो की माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून हा प्रश्न घरात जी जेवण वाढते तिला विचारा. “हे आजकाल भाकर कुस्करूनच मागतात,” असं तिच्या तोंडून आलं तर ती मोठी खूण आहे. अन्न अडकण्याचा त्रास वाढत असेल तर थांबू नका, वय कितीही असो.

*किती दिवस, आणि मध्ये बरं वाटतं का?* सर्दी-खोकल्यातला घसा सहसा दोन आठवड्यांत निवळतो. बसलेला आवाज तीन आठवडे होऊनही सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र बघून घ्यायचं. हे गुरुजींनाही लागू, कीर्तनकारांनाही आणि बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्यांनाही. त्यांच्यात बहुधा आवाजाच्या ताणामुळे आलेली सूज किंवा छोट्या गुठळ्या निघतात, पण न बघता तसं गृहीत धरता येत नाही. तोंडातला चट्टा, जखम किंवा मानेतली गाठ यांनाही तीन आठवडे हीच मर्यादा. जो त्रास चार दिवस असतो, चार दिवस नसतो, परीक्षा किंवा भांडण आलं की वाढतो आणि लग्नाच्या गडबडीत आठवतही नाही, तो कमी काळजीचा. कॅन्सरचा त्रास असा येत-जात नाही, तो हळूहळू चढतच जातो.

*एकाच बाजूला आहे का?* एकाच बाजूचा घसा दुखणं, गिळताना त्याच बाजूच्या कानात कळ येणं आणि कान तपासला तर तो चांगला असणं, ही जोडी गंभीर धरायची. घसा आणि कान यांच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे घशातलं दुखणं कानात जाणवतं. मानेत एकाच बाजूला कडक, न दुखणारी, जागेवर घट्ट बसलेली गाठ असेल तर तीही याच गटात. आपल्याकडे मानेच्या गाठी कितीतरी वेळा टीबीच्या असतात, जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणतात. तरुणांमध्ये तर अशा गाठीत संसर्ग किंवा टीबी निघण्याची शक्यताच जास्त. तरीही ती तपासायचीच, कारण टीबीलाही उपचार लागतातच.

*सवय कोणती, आणि किती वर्षांची?* मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, बिडी, मिश्री आणि दारू. धुरामुळे स्वरयंत्राला आणि घशाला धोका, चघळण्यामुळे तोंडाला आणि घशाला. बिडी-तंबाखू आणि दारू सोबत असतील तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो कितीतरी पटीनं वाढतो. चाळिशी-पन्नाशीनंतर तो आणखी चढतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी माणसाच्या तोंडातला गुटखा बंद झालेला नाही, म्हणून डॉक्टरांसमोर ही सवय लपवू नका. बायकांची मिश्री हिशोबात धरायची राहून जाते. ती तंबाखूच आहे. तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, गालाचा आतला भाग पांढरट आणि ताठ झाला असेल, तर घशाचं काही नसतानाही तोंड दाखवायला जा.

सवय नसलेल्यांना कॅन्सर होतच नाही असं मात्र नाही. एचपीव्ही या विषाणूमुळे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर निर्व्यसनी माणसालाही होतो, आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा मानेतली गाठ हीच असते. सवय नसल्यानं शक्यता खूप कमी होते. वरच्या तीन प्रश्नांतली पक्की खूण मात्र त्यामुळे पुसली जात नाही.

गुरुजी आणि त्यांचे चुलते

जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी, वय ३४, सुपारीसुद्धा खात नाहीत. गणपतीत सर्दी-ताप झाला, तो गेला, पण गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं राहिलं. सहा आठवडे झाले. मोबाईलवर वाचलं, आरशात दाणे दिसले, आणि वजनही दोन किलोनं उतरलं. आता भीती पक्की झाली.

चार प्रश्न लावून बघू. भाकर नीट उतरते. गोळा थुंकी गिळताना लागतो, उपाशीपोटी दोन चहा झाले की जास्त लागतो, क्रिकेट बघताना विसरतो. आवाज ठीक, एका बाजूचं दुखणं नाही, गाठ नाही, सवय नाही. राहिलं वजन. इथं बरेच लोक फसतात. भीतीनं जेवण अर्ध्यावर आलं असेल तर वजन उतरणारच. पोटभर जेवूनही जे उतरतं ते वजन काळजीचं. गुरुजींना घाईनं पळायची गरज नाही, पण सहा आठवडे झालेत, तेव्हा ठरवून एकदा तज्ज्ञाला दाखवावं. एकदाच, आणि नीट. रक्ताच्या दहा तपासण्या, सीटी स्कॅन, मग दुसऱ्या शहरात पुन्हा स्कॅन, या वाटेनं जाऊ नये. घशाचा कॅन्सर रक्ताच्या तपासणीत कळत नाही. मानेच्या सोनोग्राफीत गाठ आणि थायरॉईड दिसतं, स्वरयंत्राची आतली बाजू त्यानं तपासून होत नाही.

गुरुजींच्या घशात दुर्बिणीतून काही वावगं दिसलं नाही. दोन्ही स्वरतंतू स्वच्छ, नीट हलणारे. त्यांना सांगितलं ते इतकंच: खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या, रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा, उपाशीपोटी चहा बंद. करपट ढेकर, छातीत जळजळ असेल तर डॉक्टर काही आठवडे पित्ताची गोळी देतात. असा गोळा एका आठवड्यात जात नाही, कमी व्हायला काही महिने लागू शकतात. हे आधीच माहीत असलं की पंधराव्या दिवशी पुन्हा घाबरायला होत नाही.

आता त्याच घरातले चुलते. वय ५८, तीस-पस्तीस वर्षांची तंबाखू आणि बिडी, अधूनमधून दारू. पोळ्यापासून आवाज घोगरा झाला, दिवाळी आली तरी तसाच. गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, एक इंजेक्शन झालं, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. उजवा कान ठणकतो, म्हणून मेडिकलमधून थेंब आणलेत. पुतण्या म्हणतो, “तात्या, चला दाखवून येऊ.” ते म्हणतात, “दुखंना बी अन् खुपंना बी, मग कशाला दवाखाना?”

घाई करायची ती यांच्यासाठी. दोन महिने न सुटलेला आवाज, एका बाजूचा कान, वय आणि सवय, या चार गोष्टी एका माणसात जमल्यावर चालू आठवड्यातच दुर्बिणीनं बघायला हवं. तात्यांना पटेल असं एक खरं कारण आहे. स्वरतंतूवर अगदी छोटी गाठ आली तरी आवाज लगेच बदलतो, म्हणून हा कॅन्सर लवकर हाती लागू शकतो. पहिल्या टप्प्यात सापडला तर नुसत्या रेडिएशननं किंवा दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनं दहातले जवळपास नऊ जण बरे होतात, आणि आवाजही बहुधा टिकतो. घशाच्या इतर कोपऱ्यांत झालेला कॅन्सर अशी लवकर खबर देत नाही, तो बऱ्याचदा मानेत गाठ आल्यावरच कळतो. घोगरा आवाज ही खबर आहे. तिच्यावर न बघता पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक, स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा पित्ताच्या गोळ्या घेत राहिलं की ती दाबली जाते आणि महिने वाया जातात.

शेतकरी घरात आणि ऊसतोडीच्या घरात आणखी एक अडचण असते. दिवाळीच्या पुढं टोळी निघाली की माणूस मार्च-एप्रिलपर्यंत हाती लागत नाही. अशा माणसाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर निघायच्या आधी दाखवून घ्या. उचल घेतलीय म्हणून तपासणी पाच महिने पुढं गेली तर पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्या टप्प्यात जाऊ शकतो.

तपासणीत नेमकं काय होतं

बरेच जण तपासणीच्या भीतीनंच टाळतात, म्हणून नीट सांगतो. आधी विचारपूस होते. मग डॉक्टर तोंड उघडून गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि टॉन्सिल बघतात, कधी हातमोजा घालून जिभेचं मूळ बोटानं चाचपतात, आणि मागं उभं राहून दोन्ही हातांनी मान तपासतात. घशात लांब दांडीचा छोटा आरसा धरून किंवा दुर्बिणीनं स्वरयंत्र बघितलं जातं. नाकातून घालायची दुर्बीण शेवयासारखी बारीक आणि लवचीक असते. आधी नाकात सुन्न करायचं औषध मारतात. घसा थोडा बधिर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, “ईऽऽ म्हणा” असं सांगतात, आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. भूल नाही, भरती होणं नाही. घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे तासभर, काही खाऊ-पिऊ नये, नाहीतर ठसका लागतो.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा: स्वरयंत्र आणि त्याच्या आजूबाजूचा भाग पूर्ण दिसला का? दोन्ही स्वरतंतू सारखे हलतात का? पुन्हा दाखवायचं असेल तर किती दिवसांनी, आणि काय झालं तर त्याआधी यायचं? उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. कधी ओकारी येत असल्यानं आरशात नीट दिसत नाही. अशा वेळी “दिसलं तेवढं ठीक आहे” यावर थांबायचं नाही, दुर्बीण मागायची. अन्न छातीशी अडकतंय असं वाटत असेल तर स्वरयंत्राची दुर्बीण पुरत नाही. अन्ननलिकेसाठी वेगळी एंडोस्कोपी लागते.

काही संशयास्पद दिसलं तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. मानेत गाठ असेल तर बारीक सुईनं त्यातल्या पेशी काढतात. “सुई लावली की कॅन्सर पसरतो” ही समजूत गावागावात आहे आणि तिनं फार नुकसान केलंय. बायोप्सीशिवाय रोग आहे की नाही, कोणत्या जातीचा आहे हेच कळत नाही, मग उपचार कशावर करणार? पसरतो तो थांबून राहिल्यानं.

जायचं कुठं

पहिली पायरी जवळच आहे. तीस वर्षांपुढच्या लोकांची तोंडाच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, त्यासाठी आशाताईंकडे विचारा. मात्र तिथं तोंड बघतात, स्वरयंत्र नाही. आवाज, गिळणं किंवा मानेतली गाठ यासाठी कान-नाक-घसा विभागच गाठावा लागतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या सगळीकडे तो विभाग आहे. सकाळी लवकर जा, जुन्या चिठ्ठ्या, घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटं आणि आपली वही सोबत ठेवा.

कॅन्सर निघालाच तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. सगळेच मुंबईला टाटाला धाव घेतात, पण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. इतके दिवस परक्या शहरात राहण्याचा खर्च आणि हाल आधी मोजून बघा, आणि जवळ होतं का ते आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पैसे भरायच्या आधी त्याला भेटा.

एका परिस्थितीत मात्र तारीख, वही काही बघायचं नाही. श्वास घेताना घशातून घरघर आवाज येतोय, स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही, किंवा तोंडातून बरंच रक्त येतंय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जायचं.

सगळं ठीक निघालं तरी भीती जात नसेल तर

गुरुजींसारख्या माणसाला तपासणीनंतर चार-पाच दिवस हलकं वाटतं, आणि मग मन कुरबुरायला लागतं: डॉक्टरांनी घाईत तर बघितलं नसेल? दुसरीकडं दाखवू का? इथं एक नियम पाळा. पुन्हा तपासायचं ते नवीन काही झालं तरच: आवाज तीन आठवडे बसला, भाकर अडायला लागली, गाठ हाताला लागली, थुंकीत रक्त दिसलं. तोच जुना गोळा, तसाच, कमी-जास्त होणारा, हे नवीन नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला मात्र जाऊन या.

दर वेळी रिपोर्ट चांगला येऊनही भीती परत येत असेल, झोप उडत असेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर आता उपचार भीतीवर हवेत. सततच्या ताणानं गळ्याचे स्नायू आवळले जातात आणि गोळा खरंच जाणवतो, तो मनाचा खेळ म्हणून घरच्यांनी झटकू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडं विचारा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. “मला कॅन्सरची भीती वाटते, तपासणी झालीय, काही निघालं नाही, तरी डोक्यातून जात नाही,” एवढं सांगितलं की पुढचं ते विचारतात.